मे महिन्याच्या उन्हात लोकरीचा स्वेटर

लोकरीचा धंदा ऋतूच्या उलट चालतो. लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांत स्वेटरची विणाई ऐन उन्हाळ्यात जोरात असते, कारण थंडी पडायच्या आत माल दुकानात पोचायला हवा. जाहिरातीचंही तेच. थंडीचे फोटो लागतात तेव्हा बाहेर घामाच्या धारा असतात, आणि प्रत्यक्ष थंडी पडते तेव्हा पोस्टर छापून भिंतीवर लागलेलं असतं. मग कुणाला तरी उन्हाळ्यात काढलेल्या फोटोतल्या माणसाला संगणकावर बसून स्वेटर घालावा लागतो. फोटो दुरुस्त करण्याच्या माझ्या कामात ही मागणी दर वर्षी दसऱ्याच्या आसपास येते, आणि बहुतेक लोकांना वाटतं की यात अवघड काम स्वेटर नीट कापून बसवण्याचं आहे. कापून बसवणं सरावानं जमतं. फोटो फसतो तो उन्हामुळे.

साताऱ्याकडच्या एका बचत गटाचं काम उदाहरण म्हणून घेतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम आल्या होत्या. गटातल्या बायका हातानं स्वेटर विणतात आणि त्यांना ऑक्टोबरअखेर पोस्टर हवं होतं. त्यांचा एक फोटो ठरलेला होता. गटातल्या एका ताईंचे सासरे वाईच्या घाटावर उभे, मागे काळ्या दगडाच्या पायऱ्या, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. मे महिन्याच्या मध्यावर सकाळी दहाला काढलेला. आजोबांचं हसू इतकं मोकळं होतं की गटानं दुसऱ्या फोटोचा विचारच सोडून दिला. पुन्हा काढून पाहूया, असं मी सुचवलं. त्यावर ताई म्हणाल्या, "दादा, मामंजींना हसा म्हटलं की ते शाळेच्या ग्रुप फोटोला बसल्यासारखे बसतात. ह्याच फोटोत आमचा करडा स्वेटर घाला आणि गळ्यात तो मरून मफलर." आजोबांची ना नव्हती. स्वेटर आणि मफलर दोन्ही विणून तयार होते, आणि ही फार मोठी सोय होती.

पहिला मोह होतो तो सगळं चित्रच थंड करण्याचा. फोटोवर निळसर झाक मारायची, ऊन मऊ करायचं, मागे थोडं धुकं सोडायचं. हे करू नये. दुपारचं ऊन फोटोतून काढता येत नाही, कारण ते फक्त रंगात नसतं. नाकाच्या सावलीच्या धारदार कडेत, पायरीच्या कपारीत, कपाळावरच्या चमकेत ते बसलेलं असतं. वरून निळा रंग फासला की ते ऊन तसंच राहतं आणि निळं दिसतं, एवढंच. शिवाय इथे ते काढायची गरजच नव्हती. वाई साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर सकाळी दहाला तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ५४ अंश वर असतो. आणि डिसेंबरमध्ये, दिवस सर्वांत लहान असतो त्या सुमारास, भर माध्यान्हीला तो ४८-४९ अंशांवर असतो. म्हणजे मे महिन्यातलं सकाळी दहाचं ऊन आणि डिसेंबरातलं दुपारचं ऊन यांत सावलीच्या लांबीनं फारसा फरक पडत नाही. पाहणाऱ्याला तो फोटो थंडीतल्या लख्ख दुपारचा वाटू शकतो, फक्त स्वेटरनं त्या उन्हाचे नियम पाळायला हवेत. उन्हाळा उघडा पाडतात त्या दुसऱ्याच गोष्टी. फोटोत एका कोपऱ्यात फुललेला गुलमोहर होता, तो तेवढा कापून टाकला.

सूर्य नेमका कुठे होता हे आधी ठरवावं लागतं. फोटोच्या मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून जाते आणि बारीक तपशीलही दाबले जातात. म्हणून मूळ फाइल मागून घ्यायची. वेळ कळली नाही तरी सावल्या बोलतात. आजोबांच्या नाकाची सावली त्यांच्या डाव्या गालावर खाली उतरत होती, सदऱ्याच्या बटणांच्या बारीक सावल्याही त्याच तिरक्या रेषेत होत्या. म्हणजे सूर्य त्यांच्या उजव्या हाताला, थोडा समोर आणि बराच वर. या दोन सावल्या एकमेकींना दुजोरा देत असतील तर पुढे जायचं. दोन्हींची दिशा जुळत नसेल तर बाजूच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा पाण्यावरून परतलेला दुसरा उजेड आहे असं समजायचं आणि तोही हिशेबात धरायचा.

आता स्वेटरचा फोटो. इंटरनेटवरून किंवा दुकानाच्या कॅटलॉगमधून स्वेटर उचलला की काम बिघडायला सुरुवात होते. कॅटलॉगमधले स्वेटर स्टुडिओत, दोन-तीन बाजूंनी दिवे लावून, सावली जवळजवळ पुसून काढलेले असतात. ते उन्हातल्या माणसावर ठेवले की माणूस घाटावर आणि स्वेटर दुकानात, असं दिसतं. आमच्याकडे खरा स्वेटर होता, म्हणून तो खऱ्याच उन्हात काढायचं ठरवलं. पण तेव्हा ऑक्टोबरचा मध्य होता आणि सूर्य दक्षिणेकडे कलला होता. सकाळी दहाला तो मे महिन्याइतका वर येत नाही. हिशेब केला तर त्या दिवसांत वाईला ५४ अंशांची उंची साधारण १०:४० ला मिळते. हिशेब नको असेल तर एक मीटरची काठी सरळ उभी करायची आणि तिची सावली सुमारे ७२ सेंटिमीटर होईपर्यंत थांबायचं. ती सावली ७२ वर आली की सूर्य मे महिन्यातल्या त्या सकाळइतका वर आला.

दिशेच्या बाबतीत मात्र होकायंत्र विसरायचं. मे महिन्यात दहाला सूर्य जवळपास पूर्वेला असतो, ऑक्टोबरात १०:४० ला आग्नेयेला. त्याच पायरीवर त्याच दिशेला तोंड करून माणूस उभा केला असता तर ऊन चुकीच्या बाजूनं आलं असतं. जुळवायचा असतो तो सूर्य, माणूस आणि कॅमेरा यांच्यातला कोन. ताईंचा भाऊ आजोबांच्याच अंगकाठीचा होता. त्याला आत पांढरा सदरा, वर स्वेटर आणि गळ्यात मफलर घालून उभं केलं, आणि त्याच्या नाकाची सावली आजोबांच्या फोटोत पडली होती तशीच गालावर पडेपर्यंत त्याला हळूहळू वळवलं. नाक हे फार चांगलं सूर्यघड्याळ आहे. कॅमेरा तोच, उंची तीच, अंतर तेच. अंतर बदललं की खांद्यांची ठेवण बदलते, आणि ती मागाहून ताणून दुरुस्त होत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकर घालून उभ्या राहिलेल्या त्या भल्या माणसाला मध्ये मध्ये सावलीत बसवावं लागलं, कारण घामानं ओलसर झालेली लोकर गळ्यापाशी चपटी होते.

पायांखाली काय आहे यालाही महत्त्व आहे. आजोबा काळ्या दगडावर उभे होते. भावाला हिरवळीवर उभं केलं असतं तर स्वेटरच्या खालच्या काठाला, बाहीच्या खालच्या अंगाला हिरवी झाक आली असती. माती असती तर तांबूस. म्हणून दगडी फरशी शोधली.

असं करणं प्रत्येकाला शक्य नसतं. स्वेटर हाताशी नसेल, फक्त त्याचा फोटो असेल, तर ढगाळ दिवशी किंवा मोकळ्या सावलीत काढलेला फोटो निवडावा. सपाट उजेडातल्या स्वेटरवर ऊन आणि सावली रंगवता येते. चुकीच्या बाजूनं ऊन पडलेल्या स्वेटरवरून ते ऊन पुसता येत नाही, कारण विणीच्या प्रत्येक टाक्याला स्वतःची बारीकशी सावली असते आणि अशा हजारो सावल्या चुकीच्या दिशेला पडलेल्या असतात. फोटो आडवा उलटवून डावी बाजू उजवी करण्याची युक्ती बिनबटणांच्या साध्या स्वेटरला चालते. पुढून उघडणाऱ्या स्वेटरला नाही, कारण पुरुषांच्या कपड्यांची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. ती डावीकडे गेलेली विणणाऱ्या बाईला पहिल्या नजरेत दिसतात.

दोन्ही फोटो हातात आले की पुढचं काम फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये सारखंच होतं. स्वेटर वेगळ्या लेयरवर, मफलर त्याच्यावरच्या लेयरवर, आणि सावल्यांचे लेयर या सगळ्यांपासून निराळे. सावली स्वेटरच्याच लेयरवर रंगवली की ती मागाहून हलवता येत नाही, आणि सावल्या दहा वेळा हलवाव्या लागतात.

सावली कोणत्या रंगानं रंगवायची, हा या कामाचा गाभा आहे. नवखा माणूस काळा रंग घेतो आणि तो थोडा पारदर्शक करतो. उन्हातली सावली काळी नसते. सूर्याचा थेट उजेड अडला तरी त्या जागेवर निळ्या आकाशाचा उजेड येतच असतो, म्हणून सावली निळसर असते. किती निळसर आणि किती गडद, याचं उत्तर आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यात होतं. सदऱ्याच्या उन्हातल्या भागावर रंग मोजायचं ड्रॉपर ठेवलं तर लाल २४५, हिरवा २४३, निळा २३६ असे आकडे आले. थोडंसं पिवळसर पांढरं. काखेखालच्या सावलीतल्या सदऱ्यावर १२८, १३८, १५०. कापड तेच, फक्त सूर्य नाही. आता सावलीचा आकडा उन्हाच्या आकड्यानं भागायचा. लाल निम्म्याहून जरासा जास्त उरतो, म्हणजे ०.५२. हिरवा ०.५७ आणि निळा ०.६४. या तिन्हींना २५५ नं गुणलं की १३३, १४५, १६२ हा रंग मिळतो: मध्यम, निळसर करडा.

हाच त्या सकाळच्या सावलीचा रंग. सावलीच्या लेयरला मल्टिप्लाय हा प्रकार लावायचा आणि त्यावर या एकाच रंगानं, पूर्ण दाट, सावली भरायची. मल्टिप्लाय खालच्या रंगाला बरोबर याच प्रमाणात कमी करतं. करडा स्वेटर उन्हात १७०, १६८, १६५ असेल तर सावलीत तो आपोआप ८९, ९५, १०५ होतो, म्हणजे किंचित निळा करडा. मरून मफलर उन्हात १५०, ४५, ५० असेल तर सावलीत ७८, २६, ३२. कुठे अंदाजानं गडद करावं लागत नाही, कारण प्रमाण त्याच फोटोतून आलेलं आहे. एक पथ्य पाळायचं. सदऱ्याचा उन्हातला भाग इतका उजळ असेल की तिन्ही आकडे २५५ ला टेकलेत, तर कॅमेऱ्यानं खरा उजेड मोजलेलाच नसतो आणि भागाकार खोटा येतो. मग जरा कमी उजळ वस्तू शोधायची: करडा दगड, धोतराची घडी, काहीही, फक्त त्याचा एक भाग उन्हात आणि एक सावलीत हवा.

सावलीचा रंग मिळाल्यावर तिची कड. संगणकातली तयार सावली नेहमी मऊ, पसरट असते, आणि उन्हातल्या फोटोत तीच चुगली करते. आकाशात सूर्याची थाळी जेमतेम अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे उन्हातल्या सावलीची कड किती धूसर हे एका साध्या प्रमाणावर ठरतं. सावली टाकणारी वस्तू आणि सावली पडलेली जागा यांतल्या अंतराचा साधारण एकशेदहावा भाग एवढी कडेची धूसर पट्टी असते. मफलरचं टोक स्वेटरपासून एक सेंटिमीटर सुटलेलं असेल तर त्याच्या सावलीची कड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी धूसर, म्हणजे डोळ्याला धारदारच. खांद्याची सावली जमिनीवर पडते तेव्हा ती पावणेदोन मीटर प्रवास करून आलेली असते, म्हणून तिची कड दीड सेंटिमीटरभर धूसर होते. एकाच माणसाची सावली पायांपाशी तीक्ष्ण आणि खांद्यापाशी मऊ दिसते ती यामुळे. मफलरची सावली मी अगदी कडक कडेनं रंगवली आणि मग विणीच्या उंचसखलपणाप्रमाणे ती कड जागोजागी थोडी वाकडी केली. लोकरीवर सरळ रेषेत सावली पडत नाही.

मफलर गळ्यात गेल्यावर हनुवटीच्या सावलीचं काय होतं, हे बघायला हवं, कारण इथे बहुतेक जोडकामं उघडी पडतात. मूळ फोटोत हनुवटीची सावली मानेवर आणि कॉलरवर पडली होती. आता मान झाकली गेली आणि तिच्यापुढे दोन वेढ्यांची लोकर आली. मफलरचा पृष्ठभाग मानेपेक्षा तीनेक सेंटिमीटर पुढे, म्हणजे हनुवटीच्या जवळ. जवळच्या वस्तूवर सावली लवकर पोचते, ती फार खाली उतरतच नाही. सूर्य ५४ अंशांवर असताना कापड तीन सेंटिमीटर पुढे आलं की सावलीची खालची कड किमान चार सेंटिमीटर वर चढते. सूर्य एका बाजूला असेल तर आणखी थोडी जास्त, आणि ती जराशी बाजूलाही सरकते. चेहऱ्याच्या फोटोत चार सेंटिमीटर म्हणजे ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं अंतर. मानेवरची जुनी सावली तशीच मफलरवर उमटवली तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण मफलर गळ्याला चिकटवलेल्या रंगीत कागदासारखा दिसतो. ती सावली वर सरकवली की मफलर फुगतो, गोल होतो.

आणि मग चेहरा. हे सांगितलं की लोक चकित होतात: स्वेटर घालायचा तर चेहऱ्यालाही हात लावावा लागतो. पांढरा सदरा पडलेल्या उन्हातला बहुतेक उजेड परत फेकतो, आणि तो उजेड हनुवटीच्या खालच्या बाजूला, जबड्याला, नाकाच्या खालच्या कडेला लागतो. उन्हात पांढरे कपडे घातलेल्या माणसाचा चेहरा खालूनही उजळलेला दिसतो, तो यामुळे. आजोबांचा जबडा असाच उजळ होता. पण फोटोत सदरा आता करड्या स्वेटरखाली गेला होता आणि हनुवटीखाली मरून लोकर आली होती. मरून लोकर फार थोडा उजेड परतवते, आणि परतवते तोही लालसर. पांढऱ्या कापडानं उजळलेली हनुवटी आणि तिच्याखाली मरून मफलर, हे दोन्ही एकाच उन्हात असूच शकत नाहीत.

म्हणून जबड्याच्या खालच्या पट्टीवर एक नवा लेयर घेतला आणि तो भाग थोडा गडद करून अगदी हलका तांबूस केला. किती, हे ठरवायला भावाचा फोटो होता. त्याच्या हनुवटीखालचा रंग आणि गालाचा रंग यांच्यातलं प्रमाण मोजून तेच प्रमाण आजोबांना लावलं. दोघांच्या कातडीचा रंग वेगळा, पण प्रमाण चालतं, सावलीच्या हिशेबात चाललं तसंच. माझ्या मते एवढा एक बदल केला तर बाकीच्या चार चुका खपून जातात, आणि हा केला नाही तर बाकी सगळं अचूक असूनही फोटो खटकतो.

स्वेटरच्या कडांची गोष्ट लोकरीपुरती खास आहे. सुती सदऱ्याची कड साफ असते, लोकरीची नसते. तिच्यावर बारीक केसाळ तंतू उभे असतात आणि उन्हाच्या बाजूला ते उजळून एक पातळ, पांढुरकी किनार तयार होते. स्वेटर मास्कनं कापताना ही किनार हमखास कापली जाते आणि कात्रीनं कापल्यासारखी कड उरते. मी मास्क कापताना कड मुद्दाम थोडी बाहेर ठेवतो आणि मग दोन-तीन पिक्सेल जाडीच्या ब्रशनं तंतूंच्या दिशेनं मास्क आतबाहेर ओढतो. उजव्या खांद्यावर, जिथे ऊन थेट येत होतं, तिथे मागच्या काळ्या दगडापुढे ही किनार दिसणं आवश्यक होतं. डाव्या, सावलीतल्या बाजूला ती जवळजवळ नकोच. दोन्ही खांद्यांना सारखी किनार दिली की पाठीमागे दुसरा सूर्य उगवल्यासारखं होतं. लोकरीवर चमक मात्र कुठेच रंगवायची नाही. तिच्या तंतूंत उजेड विखुरतो, म्हणून ती रेशमासारखी चकाकत नाही. नुसता कॉन्ट्रास्ट वाढवला तरी स्वेटर प्लास्टिकचा दिसू लागतो.

मग राहिली पायरीवरची सावली. मूळ फोटोत तिच्यात उघड्या हातांच्या सडपातळ सावल्या होत्या. आता बाह्या मनगटापर्यंत आल्या, दंड जाड झाले, आणि मफलरचं एक टोक कमरेच्या बाजूला लोंबत होतं. पायरीवरच्या सावलीत हे सगळं यायला हवं. खांदा दोन-तीन सेंटिमीटरनं रुंद झाला, दंडांची सावली तेवढीच भरीव केली, टोकाची सावली जोडली, कड दीड सेंटिमीटर धूसर ठेवली. सावली एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरत होती, तिथे ती मोडून खाली सरकते हे लक्षात ठेवलं. मनगटाशी बाहीच्या काठाची अरुंद, गडद सावली हातावर पडते, तीही दिली. ती नसेल तर हात बाहीत गेलेला दिसत नाही, बाहीला चिकटवलेला दिसतो.

झालेलं काम तपासताना डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. तासभर त्याच चित्रात बसल्यावर डोळा चुका माफ करायला लागतो. मी फोटो कृष्णधवल करतो, म्हणजे रंगाची भूल जाते आणि उजेडाचीच पातळी उरते. स्वेटर आजूबाजूच्या गोष्टींपेक्षा उजळ किंवा फिका असेल तर लगेच दिसतो. मग चित्र टपाल तिकिटाएवढं लहान करतो. एवढ्या लहान आकारातही नजर थेट स्वेटरवर गेली तर काहीतरी चुकलंय. शेवटी कर्व्हज घेऊन रेषा मुद्दाम नागमोडी करतो. चित्र भडक, विद्रूप दिसतं, पण मास्कची सुटलेली कड, रंगाचा डाग, दोन फोटोंमधल्या कणांचा फरक, सगळं वर येतं. आजोबांच्या फोटोत याच तपासणीत कॉलरपाशी जुन्या उजळ मानेची एक चंद्रकोर मफलरच्या वर डोकावताना सापडली. नुसत्या डोळ्यांनी ती दिसली नव्हती.

ताईंना पोस्टर दाखवलं तेव्हा त्यांनी उन्हाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी मफलरच्या काठाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उलट-सुलट टाके बरोबर आलेत." आणि मग, "पण करडा जरा पिवळा दिसतोय का हो?" बरोबर होतं. सकाळच्या उन्हात करडा रंग किंचित पिवळसर दिसतो आणि फोटोत तो तसाच दिसायला हवा, नाहीतर स्वेटर त्या उन्हातला वाटत नाही. पण गिऱ्हाईक तोच रंग बघून स्वेटर मागणार. म्हणून पोस्टरच्या खालच्या भागात लोकरीच्या गुंड्याचा साधा, सावलीत काढलेला छोटा फोटो टाकला, म्हणजे खरा रंग तिथे दिसेल. फोटोतलं ऊन खरं वाटावं म्हणून स्वेटरचा रंग बदलावा लागतो आणि माल प्रामाणिकपणे विकायचा तर बदलू नये, हा पेच सुटत नाही. त्यावर एवढंच करता येतं.

काही फोटो मात्र हातात घेऊ नयेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वाईला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. पुण्यात हा दिवस १३ मेच्या आसपास असतो आणि शून्य सावली दिवस म्हणून शाळांमधून दाखवतात. तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्याच पायात नाहीशी होते. अशा वेळी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या असतात, नाकाची सावली ओठांवर पडलेली असते, आणि छातीला ऊन इतकं घासून जातं की स्वेटरचा प्रत्येक टाका खड्ड्यासारखा दिसेल. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत सूर्य इतका वर कधीच येत नाही, त्यामुळे स्वेटर कितीही नीट बसवला तरी तो खोटाच दिसतो. फोटो साडेबारा-एकचा असेल तर त्या माणसाला सकाळी दहापर्यंत किंवा दुपारी चारनंतर पुन्हा उभं करा, आणि ते जमत नसेल तर काम सरळ नाकारा.